आगळाची बाटली फोटोत वाइनच्या बाटलीएवढी लांब का येते? प्रॉम्प्टमधला कुठला शब्द नडतोय?

आगळवाली_सूनबाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. वेंगुर्ल्याला आमचा घरगुती कोकम आगळाचा धंदा आहे. बाटली २०० मिलीची, काचेची, बुटकी. पट्टीने मोजली तर १२ सेंमी उंच आणि ६ सेंमी रुंद, म्हणजे रुंदीच्या बरोब्बर दुप्पट. गणपतीच्या ऑर्डरींसाठी चित्र बनवणाऱ्या एआय ॲपवर एक फोटो केला. ॲपला मराठी कळतं, म्हणून मराठीतच लिहिलं:

```
वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर कातळावर दिमाखात उभी
असलेली कोकम आगळाची डौलदार काचेची बाटली,
१२ सेंमी उंच, ६ सेंमी रुंद, २०० मिली, शेजारी
कोकमाची फळं, मागे सूर्यास्त, भव्य सिनेमॅटिक
दृश्य, उभी चौकट
```

चित्र देखणं आलं, पण बाटली लांबलचक. मोबाइलवर पट्टी लावली, तर उंची रुंदीच्या साडेतीन पट! फळं बाटलीइतकी रुंद. हे चित्र ग्रुपवर टाकलं आणि दादरच्या एका ताईंनी बाटली हातात पडल्यावर विचारलं, "अर्धीच पाठवलीत का?"

कुठले शब्द बदलू? खर्च शून्य. फार तर महिना तीनशे रुपये. फुकटात दिवसाला मोजकीच चित्रं मिळतात, तेव्हा जपून सांगा.

कॅमेरेवाला_कणकवली

ताई, एआयच्या नादी लागू नका. मी गेल्या वर्षी कॅमेरा, मॅक्रो लेन्स आणि लाइटबॉक्स घेतला, सगळं मिळून पंचेचाळीस हजार. काजूच्या पाकिटांचे असे फोटो येतात की बघत राहावं. एकदाच खर्च करा.

आगळवाली_सूनबाई

दादा, तीनशे म्हटलं होतं.

मालवणी_मंग्या

अगो, एवढी डोकेफोड कित्याक? बाटली पडवीत ठेव आणि मोबाइलान फोटो काढ मगे.

चिपळूणचा_बंड्या

माझ्या मसाल्याच्या डब्याचंही हेच झालं होतं. सोपं आहे, शेवटी लिहा: "उंच बाटली नको, वाइनची बाटली नको." काय नको ते स्पष्ट सांगायचं.

आगळवाली_सूनबाई

लिहिलं. आता बाटली आणखी लांब झाली आणि तोंडाला बूच आलं. 😑

रातांबा_प्रेमी

मूळ चूक वेगळीच आहे. "कोकमाची फळं" असं कोणी म्हणतं का? ओलं फळ म्हणजे रातांबा. साल वाळवली की आमसूल किंवा कोकम. मुंबईच्या लोकांनी सगळ्याचं कोकम करून टाकलंय.

देवगडची_वहिनी

आमच्याकडे झाडालाही कोकमच म्हणतात हो. आणि आगळ म्हणजे सरबत नव्हे, हेही लोकांना सांगा. आगळात मीठ असतं, साखर नसते. मागे एका पाहुण्याने आगळ थेट ग्लासात ओतून प्यायलं होतं.

दापोलीकर_पॅकिंगवाले

वाद चालू दे, मी मुद्द्यावर येतो. खोकी-लेबलांच्या डिझाइनचं काम करतो, त्यात हा त्रास रोजचा आहे.

सूनबाई, तुमच्या चित्रात दोन वेगळ्या चुका आहेत, त्या आधी सुट्या करा. एक, बाटलीचा स्वतःचा बांधा बिघडलाय. दोन, बाटली आणि शेजारच्या फळांचं माप जुळत नाही. दोन्हींची कारणं वेगळी, म्हणून शब्दही वेगळे.

बांध्यावर माझा पहिला संशय तुमच्या "१२ सेंमी उंच" वर आहे. तुम्ही माप दिलंत, पण ॲप पट्टी घेऊन बसत नाही. सेंटिमीटर, मिली हे आकडे त्याच्या हातून निसटतात आणि मागे उरतो "उंच". म्हणजे बाटली बुटकी आहे हे सांगायला तुम्ही जो शब्द वापरलात, त्यानेच ती लांब केली. "उंच नको" चंही तेच, चित्राला "उंच" एवढंच ऐकू गेलं.

मग "डौलदार" आणि "दिमाखात उभी". बरीच ॲप तुमचं मराठी वाक्य चित्राआधी स्वतःच इंग्रजीत फुलवून लिहितात. हा फुलवलेला मजकूर दिसायची सोय आहे का बघा. तिथे डौलदारचं "एलिगंट, स्लेंडर" झालेलं असणार. काच, गडद लाल रंग आणि एलिगंट एकत्र आले की वाइन सोडून दुसरं काय सुचणार त्याला?

"भव्य सिनेमॅटिक" ने बहुतेक कॅमेरा खाली जाऊन बाटली वर बघायला लागते. आणि उभी चौकट दिली की ती भरायला वस्तू लांबवायचा मोह त्याला होतोच.

हा सगळा अंदाज आहे. खात्री करायची तर एका वेळी एकच शब्द काढा आणि प्रत्येक वेळी चार चित्रं काढा. एका चित्रावर विश्वास ठेवू नका, तेच वाक्य परत दिलं तरी बाटली थोडी बदलते. सीड, म्हणजे चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा, प्रत्येक फेरीत तोच ठेवता येत असेल तर ठेवा. सौंदर्य बघू नका, फक्त उंची भागिले रुंदी मोजून वहीत लिहा.

चिपळूणचा_बंड्या

म्हणजे मी म्हटलं तेच, शब्द बदला. आणि "नको" माझ्याकडे चालतं, नवीन ॲपला नकार कळतो.

दापोलीकर_पॅकिंगवाले

काहींना कळतो, मान्य. पण सूनबाईंच्या बाटलीला बूच आलंय ना!

निवृत्त_गुरुजी

लेबलवर २०० मिली छापताना अक्षराची उंची किती असावी याचे नियम असतात. लेबल आधी तपासून घ्यावे.

आगळवाली_सूनबाई

गुरुजी, लेबल बरोबर आहे, प्रश्न चित्राचा आहे.

दापोलीकर दादा, तीन दिवस लागले, पण वहीत लिहिलंय. मूळ वाक्याची चार चित्रं ३.४ ते ३.७. "डौलदार" आणि "दिमाखात" काढल्यावर ३ च्या आसपास. (दोन शब्द एकदम काढले, चित्रं संपत आली होती, रागवू नका.) मग मापांचा तुकडा काढला तर २.७. माप काढल्यावर बाटली मापाकडे सरकली, हसावं की रडावं! चौरस चौकट घेतली, २.५.

"भव्य सिनेमॅटिक" काढून मात्र बांध्यात काहीच फरक नाही. फक्त आधी बाटली कातळावर मनोऱ्यासारखी दिसायची, ती आता समोर ठेवल्यासारखी दिसते.

फुलवलेला मजकूरही सापडला. "एलिगंट स्लेंडर" तर होतंच, शिवाय "टॉवरिंग" सुद्धा होतं. ते "दिमाखात उभी" चं असणार.

दापोलीकर_पॅकिंगवाले

झकास. "भव्य" बद्दल माझा अंदाज अर्धाच खरा निघाला, त्याने बांधा नाही, फक्त नजरेचा कोन बदलला. काढून टाकायचं ते झालं, आता भरायचं. आकड्यांऐवजी बाटलीचे अवयव सांगा: मान, खांदे, बूड.

कॅमेरेवाला_कणकवली

माझ्या लेन्सला खांदे-मान सांगावं लागत नाही.

देवगडची_वहिनी

मी सांगते सोपा उपाय. "खोकल्याच्या औषधाच्या बाटलीसारखी" असं लिहा. सगळ्यांना माहीत असते ती बाटली.

आगळवाली_सूनबाई

वहिनी, बांधा एकदम बरोबर आला, २.१. पण काच तपकिरी झाली आणि आगळ काळं. सासूबाई म्हणाल्या, हे कोण पिणार?

दापोलीकर_पॅकिंगवाले

उपमा दिली की त्या वस्तूचं सगळं सामान बरोबर येतं, रंग, झाकण सगळं. म्हणून नुसते अवयव:

```
समोरून, बाटलीच्या पातळीवरून घेतलेला फोटो.
कातळावर ठेवलेली ठेंगणी, रुंद खांद्यांची,
आखूड मानेची, पारदर्शक काचेची छोटी बाटली,
आत गडद लाल कोकम आगळ. शेजारी लिंबाएवढी
गोल, जांभळट लाल फळं. मागे समुद्र.
चौरस चौकट.
```

"लिंबाएवढी" मुद्दाम. "कोकमाची फळं" म्हटल्यावर त्याने बहुधा आलुबुखार काढले होते, कारण रातांबे त्याने फारसे बघितलेले नसणार. लिंबू मात्र त्याला नक्की ठाऊक आहे. आणि एखादी ओळखीची वस्तू शेजारी असली की बघणाऱ्याला बाटलीचा अंदाज येतो.

रातांबा_प्रेमी

तरी मी म्हणत होतो, रातांबा!

मालवणी_मंग्या

"रातांबा" लिवलंस तर तो टोमॅटो काढतलो. 😄

आगळवाली_सूनबाई

चार चित्रं काढली. दोन २.१, एक २.२ आणि चौथं २.६, ते का ते कळलं नाही. बाटली आमचीच वाटते. फळं लिंबाएवढी झाली, पण दोन चित्रांत चक्क लाल लिंबंच आली, टोकासकट.

दापोलीकर_पॅकिंगवाले

चौथ्याचं कारण मलाही सांगता येणार नाही, अशी एखादी निसटतेच. माप हुबेहूब हवं असेल तर शब्दांनी इथवरच जाता येतं. पुढचा मार्ग म्हणजे ॲपकडून नुसता रिकामा कातळ आणि समुद्र काढून घ्या आणि तुमच्या खऱ्या बाटलीचा मोबाइलवरचा फोटो कापून त्यावर बसवा. लेबलाची अक्षरंही शाबूत राहतील, नाहीतर ॲप लेबलवर काहीतरी अगम्य लिहितं. फक्त उजेड एकाच बाजूने येईल असं बघा, आणि फळं राहू द्या, मापासाठी लागतात.

चिपळूणचा_बंड्या

+१, मीही हेच सुचवणार होतो.

देवगडची_वहिनी

फळं हवीतच. फळांशिवाय लोकांना कळणार कसं कशाचं आगळ ते?

आगळवाली_सूनबाई

सगळ्यांचे आभार. मी शेवटी २.१ वालं एक चित्र घेतलं आणि त्यातली फळं पुसून टाकली. कापून बसवायचं करून पाहिलं, पण बाटलीची सावली डावीकडे आणि समुद्रावरचं ऊनही डावीकडे, नवऱ्याने लगेच ओळखलं. लेबलाच्या जागी आमच्या लेबलाचा फोटो चिकटवला, तेवढं जमलं. मापासाठी चित्राखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: "बाटली २०० मिली, तळहातात मावते." दादरच्या ताईंनी आणखी सहा मागवल्यात.

दापोलीकर_पॅकिंगवाले

फळं काढलीत ते मला नाही पटलं. झाकण तरी तुमचंच आहे का? मला ते स्क्रूचं दिसतंय.

आगळवाली_सूनबाई

आमचं पत्र्याचं आहे. आता तुम्ही सांगितल्यावर तेच दिसायला लागलं.

रातांबा_प्रेमी

खरे रातांबे शेजारी ठेवून फोटो काढायचा तर मे महिन्यातच काढायला हवा होता. आता भर पावसात कुठले?