पासवर्ड रिसेट लिंक पहिल्याच क्लिकला बाद

> “मेल येताच लिंक उघडली, तरी ‘लिंक आधीच वापरली आहे’ असे येते. कंपनीच्या मेलवरच असे होते.”

सर्व्हरचा ॲक्सेस लॉग आधी पाहावा. आमच्याकडे मेल १०:४२:०५ ला गेला होता आणि लॉगमध्ये एकाच टोकनच्या या दोन नोंदी होत्या:

```
10:42:07 GET /reset?token=k7f 200
10:43:31 GET /reset?token=k7f 410
```

दोन सेकंदांत कोणी मेल वाचून क्लिक करत नाही. पहिली विनंती डेटा सेंटरच्या आयपीवरून, म्हणजे मेल तपासणाऱ्या स्कॅनरकडून आली होती. आमचा कोड GET आल्याबरोबर टोकन खर्ची टाकत असल्यामुळे खऱ्या माणसाच्या वाट्याला ४१० आला. ही चूक आमचीच होती, स्कॅनरची नव्हे.

उपाय असा की GET वर टोकनला हात न लावता फक्त नव्या पासवर्डचा फॉर्म दाखवावा आणि तो भरून POST झाल्यावरच टोकन बाद करावे. पान उघडताच जावास्क्रिप्टने फॉर्म आपोआप पाठवण्याचा मोह मात्र टाळावा, कारण काही स्कॅनर जावास्क्रिप्टही चालवतात.

लॉगमध्ये एकच नोंद असूनही लिंक चालत नसेल, तर ब्राउझर बदलला असण्याची शक्यता मोठी आहे. PKCE पद्धतीत पडताळणीची गुप्त किल्ली विनंती केलेल्या ब्राउझरमध्येच राहते. विनंती क्रोममधून केली आणि लिंक मेल ॲपच्या अंतर्गत ब्राउझरमध्ये उघडली, तर ती किल्ली तिथे नसते. अशा वेळी मेलमध्ये सहा अंकी कोड पाठवून तो मूळ पानावरच टाइप करायला लावणे मला अधिक भरवशाचे वाटते. त्यात स्कॅनरला उघडण्याजोगे काही उरतच नाही.