लग्नात बासुंदी संपली, बिल आलं 430 ताटांचं. अभिप्रायात काय लिहू? (मदत हवी आहे)

केतकी:
मागच्या महिन्यात पुण्यात धाकट्या बहिणीचं लग्न झालं. केटररबद्दल लिहायचं आहे, पण रागाच्या भरात अन्याय नको, म्हणून आधी इथे विचारते.

350 ताटं ठरली होती. आदल्या रात्री नऊच्या सुमारास बाबांनी केटररला फोन करून सांगितलं, गावाकडून आणखी एक बस येतेय, पन्नासेक माणसं वाढतील. ते "बघतो" म्हणाले. मुहूर्त 12.23 चा होता. पावणेएकला सुरू व्हायचं जेवण सव्वाला सुरू झालं. दोनच्या सुमारास बासुंदी संपली आणि पुऱ्यांसाठी रांग लागली. माझ्या मावशीला बासुंदी मिळाली नाही, ते अजून मनाला लागलंय. आणि बिल 430 ताटांचं! त्यांनी कमी केलं की आमचीच माणसं वाढली, हे आता कसं कळणार?

ठाणेकर:
ठाण्यात हवा असेल तर आमच्या मुंजीचा केटरर फार चांगला होता. वेळेच्या आधी हजर. नंबर पाठवू का?

केतकी:
धन्यवाद, पण लग्न होऊन गेलंय. मला फक्त अभिप्राय लिहायचा आहे.

निवांत:
सरळ आहे. कोणताही केटरर दहा टक्के जास्तच करतो. तरी संपलं, म्हणजे कमीच केलं होतं. बिलातून पैसे कापा.

शेवंती:
माझ्या माहेरी तीस वर्षं हाच व्यवसाय आहे. निवांत, दहा टक्के वर करायची पद्धत आहे खरी, पण ती ठरलेल्या आकड्यावर. 350 वर 35, म्हणजे 385. माणसं खरंच 430 आली असतील, तर पंचेचाळीस जणांचं त्यात नव्हतंच.

केतकी, काय संपलं आणि काय उरलं ते आठवा. भात, वरण, भाज्या, गोड सगळं एकदमच संपलं असेल तर माणसं जास्त झाली. एकटं गोडच संपलं तर ते मोजून केलेलं होतं. बासुंदी आम्ही माणशी दीडशे ग्रॅम धरतो, म्हणजे साडेतीनशेला बावन्न-त्रेपन्न किलो. त्याला शंभर लिटरच्या वर दूध आटवावं लागतं, आणि ते काम पहाटेच सुरू होतं. रात्री नऊला आकडा वाढला तर सकाळी जास्तीचं दूध मिळेलच असं नाही. भाताचं तसं नाही, तो अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा टाकता येतो. पुऱ्यांची रांग तर वेगळीच गोष्ट. पीठ होतं, पण तळणारा एकच असेल. ती माणसं कमी आणल्याची खूण, अन्न कमी केल्याची नव्हे.

केतकी:
मसालेभात आणि मठ्ठा उरला होता, आम्ही घरी आणला. बटाट्याची भाजीही होती. पुऱ्यांना खरंच एकच कढई होती.

शेवंती:
मग गोड मोजून केलं होतं आणि तळायला माणूस कमी होता. जेवण सव्वाला का सुरू झालं? स्वयंपाक तयार नव्हता का?

केतकी:
आत्ताच बाबांना विचारलं. भांडी लागलेली होती. काकांनीच सांगितलं होतं, विहीणबाईंची पंगत बसल्याशिवाय बुफे उघडू नका. हे मला माहीतच नव्हतं.

शेवंती:
तर उशिराचं त्यांच्यावर लिहू नका. पण वाढीव आकड्याला "बघतो" म्हणणं ही त्यांची चूक आहे. "भात-भाजी वाढवतो, बासुंदी नाही जमणार, माव्याची बर्फी मागवू का?" असं स्पष्ट विचारायला हवं होतं. तेवढं विचारलं असतं तर मावशीच्या ताटात काहीतरी गोड पडलं असतं.

निवांत:
ते पटलं. पण ज्यांना गोड मिळालं नाही त्या ताटांचा पूर्ण दर का द्यायचा?

शेवंती:
हा प्रश्न रास्त आहे. आधी 430 हा आकडा कसा काढला ते विचारा. आमच्याकडे सकाळी आणलेली ताटं दोन्ही बाजूंनी मोजतात आणि शेवटी कोरी उरलेली वजा करतात. बुफेत काही जण दुसरं ताट घेतात, मग ताटं 430 आणि माणसं 400 असंही होतं. मोजताना तुमच्याकडचं कोणी उभं होतं का?

केतकी:
नव्हतं. सगळे पाठवणीत होतो.

शेवंती:
मग तो आकडा तपासायला काही उरत नाही. बसचे पन्नास धरून 400 चा दर मागून बघा. ते मानतील की नाही, सांगता येत नाही.

केतकी:
आज बाबा त्यांच्याशी बोलतील. अभिप्रायात एवढंच लिहिते: चव चांगली, जेवण वेळेत तयार होतं. पुऱ्यांना एकच कढई होती. आदल्या रात्री पन्नास माणसं वाढल्याचं कळवलं, तेव्हा गोड पुरणार नाही हे आम्हाला सांगितलं नाही. बिलाचं मिटेपर्यंत त्याबद्दल काही लिहीत नाही.

ठाणेकर:
आमच्या मुंजीत ताटं कोणी मोजलीच नव्हती, आता आठवलं. बिल शोधून बघतो.