मदत हवी आहे: उत्तर फक्त कॅल्क्युलेटर डिग्रीत राहिल्यामुळे चुकलंय, हे कसं ओळखायचं?

खडूफळा (इंदूर)
नमस्कार मंडळी. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गणित शिकवते. टेबलावर ५८ कॉप्या पडल्यात आणि एकाच प्रश्नावर दोन दिवस अडकलेय. प्रश्न असा: cos x = x चं मूळ न्यूटन-राफ्सनने काढा, सुरुवात 0.5 पासून, चार दशांशांपर्यंत. उत्तर 0.7391. नऊ जणांनी 0.9998 किंवा त्याच्या अगदी जवळचं उत्तर लिहिलंय. त्यातल्या काहींची मांडणी इतकी स्वच्छ आहे की शून्य द्यायला हात धजावत नाही. कॅल्क्युलेटर डिग्रीवर राहिला असणार हे कळतंय, पण यातला खरंच तेवढंच चुकलेला कोण आणि शेजाऱ्याचं बघून उतरवणारा कोण, हे कसं ठरवू? पद्धतीचे गुण द्यायची माझी इच्छा आहे.

मुळामुठा
५८ जणांनी कॉपी केली?! मग गुणांचा विचार कसला करताय, सरळ वर कळवा की.

खडूफळा (इंदूर)
अहो नाही हो! आमच्या इंदुरात उत्तरपत्रिकेलाच कॉपी म्हणतात. तुमची ती कॉपी, तिला आम्ही नक्कल म्हणतो.

बडोद्याचा_बंडू
सोपं आहे ताई. डिग्री आणि रेडियनमध्ये ५७.३ चा फरक. मुलाचं उत्तर ५७.३ ने गुणा किंवा भागा, बरोबर उत्तर आलं तर मोडची चूक, नाहीतर खरी चूक. मी क्लासमध्ये असंच तपासतो.

शून्यपूर्ण (ग्वाल्हेर)
बंडूभाऊ, तुमची युक्ती अर्धीच चालते. साइनच्या आत लहान आकडा असेल तर डिग्रीतलं उत्तर आकड्याच्या ०.०१७४५ पट येतं. sin 0.1 रेडियनमध्ये 0.0998 आणि डिग्रीत 0.001745, म्हणजे ५७ च्या आसपासचा फरक दिसतो. पण sin 2.4 घ्या. रेडियनमध्ये 0.6755, डिग्रीत 0.0419. फरक सोळा पटीचा. आणि कोसाइनला तर गुणक लागूच होत नाही. लहान आकड्यांवर डिग्रीतला कोसाइन १ ला चिकटून बसतो. 0.9998 ला ५७.३ ने भागलंत तर 0.01745 येईल, ते कशाचंच उत्तर नाही. मुलाने cos x = x सोडवलंच नाही, त्याने cos(πx/180) = x सोडवलं आणि त्याचं मूळ खरोखर 0.9998 आहे.

म्हणून ताई, शेवटच्या उत्तराकडे बघू नका, प्रत्येक ओळ तपासा. मुलाने लिहिलेली आधीची किंमत घ्यायची आणि पुढची काय यायला हवी ते तिन्ही मोडमध्ये काढायचं. स्प्रेडशीटमध्ये त्रिकोणमितीची फलनं रेडियनच धरतात, त्यामुळे हे सोपं जातं. A2 मध्ये मुलाची आधीची किंमत, आणि शेजारच्या तीन खान्यांत ही सूत्रं:

```
B2: =A2-(A2-COS(A2))/(1+SIN(A2))
C2: =A2-(A2-COS(RADIANS(A2)))/(1+SIN(RADIANS(A2)))
D2: =A2-(A2-COS(A2*PI()/200))/(1+SIN(A2*PI()/200))
```

0.5 टाकलंत की B मध्ये 0.7552 येईल, C मध्ये 0.9956. ज्याच्या पहिल्या ओळीत 0.9956, दुसरीत 0.9998 आणि तिसरीत पुन्हा 0.9998 आहे, त्याने आकडेमोड स्वतः केली आणि फक्त मोड चुकला. शेवटी 0.9998 असूनही मधल्या ओळी C शी जुळत नसतील, तर ते उत्तर कुठून तरी आलंय.

D कशाला, तर कॅल्क्युलेटरला तिसराही मोड असतो, ग्रेडियन. सहज विसरतो आपण.

खडूफळा (इंदूर)
कमाल आहे! आत्ताच बसून तपासलं. नऊपैकी सहा जण C शी ओळ न् ओळ जुळले. एका मुलीचं पहिल्या ओळीत 0.9961 होतं आणि शेवटी 0.9999. मी ते उतरवण्यातली चूक धरून लाल रेघ मारली होती. D मध्ये बरोबर 0.9961 आलं! पोरगी ग्रेडियनमध्ये पेपर सोडवून गेली.

पण एक शंका. उत्तर स्थिर झाल्यावर मुलांना ताळा करा असं मी नेहमी सांगते. मग त्यांना कळलं कसं नाही?

शून्यपूर्ण (ग्वाल्हेर)
ताळा त्याच कॅल्क्युलेटरवर केला ना! डिग्रीत cos 0.9998 = 0.9998 येतंच. ताळा बिनबोभाट जुळतो. खरं तर डिग्रीत कोसाइनचा अवकलज −sin नसतो, त्याला π/180 ने गुणावं लागतं. म्हणजे मुलांनी उतारही चुकीचा वापरला. पण छेदात १ इतका मोठा आहे की त्या चुकीने फारसं बिघडत नाही, किमती तरीही पटकन स्थिरावतात. एखादं गणित असतं जिथे पाय घसरून आकडे उधळले असते आणि मुलाला संशय आला असता. तुमच्या या प्रश्नात तसं होत नाही.

पकडायचं तर डोक्यातला कोसाइन वापरायचा. π/4 म्हणजे 0.785, त्याचा कोसाइन 0.7071. 0.785 ला कोसाइनचा वक्र y = x या रेषेच्या खाली गेलेला आहे, म्हणजे मूळ 0.785 च्या आतच हवं.

लेव्हलवाला_काका
आमच्या सर्व्हेच्या कामात उलटं व्हायचं. सगळी बेअरिंगं डिग्रीत. नवा पोरगा रेडियनवर ठेवलेला कॅल्क्युलेटर घेऊन आला, ३० चा साइन −०.९८८ निघाला आणि प्लॉटची एक बाजू नकाशात शेजाऱ्याच्या विहिरीत गेली. तेव्हापासून साइटवर उतरताच आधी sin 30 दाबायचं, अर्धा आला तरच पुढे.

शून्यपूर्ण (ग्वाल्हेर)
काका, इथे मुलांनी sin 1 दाबावं. 0.8415 आलं तर रेडियन, 0.01745 आलं तर डिग्री, 0.0157 आलं तर ग्रेडियन. तिन्ही एका फटक्यात कळतात.

सराफ्यातली_रात्र (इंदूर)
मॅम, मी विद्यार्थी आहे (तुमचा नाही, घाबरू नका). पेपर सुरू होण्याआधी निरीक्षक कॅल्क्युलेटर रिसेट करायला लावतात, मेमरीत काही लपवलं असेल म्हणून. ९९१ ईएसमध्ये SHIFT 9 दाबून सगळं साफ केलं की तो परत डिग्रीवर जातो. घरून रेडियन लावून आलेलाही फसतो. वरती छोटासा D दिसतो, पण तेव्हा कोण बघतंय. SHIFT MODE आणि मग 4 दाबलं की R येतो.

खडूफळा (इंदूर)
अरे बाबा, आमच्याकडेही रिसेट करायला लावलं होतं! आणि सूचना माझीच होती.

राहिले दोघे. एकाच्या मधल्या ओळी कुठेच जुळत नाहीत, तो सरळ उतरवलेला. दुसऱ्याचं काही समजत नाही: पहिली ओळ 0.7552, अगदी बरोबर. दुसरी 0.9967. तिथून 0.9998. 0.7552 टाकल्यावर C मध्ये 0.9967 च येतंय. म्हणजे मध्येच मोड बदलला?

बडोद्याचा_बंडू
सेल संपला असेल, मित्राचा मागून घेतला असेल.

शून्यपूर्ण (ग्वाल्हेर)
किंवा पहिली ओळ पुढच्या बाकावरची आणि बाकीच्या स्वतःच्या. आकड्यांवरून दोन्ही सारखंच दिसणार. मी असतो तर पहिल्या ओळीचे गुण देऊन त्याला बोलावून विचारलं असतं.

मुळामुठा
आणि त्या सहा जणांचे किती गुण कापणार? माझ्या मते निम्मे. अभियंता पूल बांधतो तेव्हा मोडची सबब चालत नाही.

खडूफळा (इंदूर)
निम्मे फार होतात. सात गुणांतला एक कापेन म्हणतेय. ग्रेडियनवालीचं मात्र अजून ठरत नाहीये.