ब्लीचिंग करूनही एकच दात करडा राहिलाय, मदत हवी आहे

मृण्मयी_स:
परवा क्लिनिकमध्ये ब्लीचिंग करून आले. बाकीचे दात छान उजळले, पण वरचा पुढचा एक दात आहे तसाच करडा. आता तर जास्तच उठून दिसतोय. सहा आठवड्यांवर लग्न आलंय. घरी लावायची जेल आणून फक्त त्याच दाताला लावली तर चालेल का? लवकर सांगा.

रानवारा:
कोळशाची पूड आणि मीठ. आजीचे दात शेवटपर्यंत मोत्यासारखे होते.

चहाबाज:
कोळशाने वरचे चहाचे डाग जातात खरे, पण एनॅमलही घासलं जातं आणि खालचा पिवळा थर दिसू लागतो. ब्लीचिंगही तसंच, एनॅमल खाऊन टाकतं.

दातवाली:
चहाबाज, पहिलं बरोबर, दुसरं नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली केलेल्या ब्लीचिंगने दात खरवडला जात नाही. ठणका लागतो, तो बहुधा काही दिवसांत जातो.
मृण्मयी, त्या दाताला कॅप, फिलिंग आहे का? त्यांचा रंग ब्लीचने बदलतच नाही. लहानपणी मार लागला होता का?

मृण्मयी_स:
कॅप, फिलिंग काही नाही, दुखतही नाही. सहावीत झोपाळ्यावरून पडले होते, पण दात तुटला नव्हता. त्याचा काय संबंध?

दातवाली:
तोच तर संबंध आहे. मार लागून आत रक्तस्राव झाला की त्यातलं लोह दाताच्या सूक्ष्म नळ्यांत उतरतं आणि दात करडा होतो. नस मेली तरी वर्षानुवर्षं काही दुखत नाही. डाग आतून असल्यामुळे बाहेरून जेल चोपडून फारसा फरक पडणार नाही. आधी एक्स-रे काढा. नस मेली असेल तर रूट कॅनाल करून, मुळाच्या तोंडाशी नीट सील घालून, दाताच्या पोकळीत सोडियम परबोरेट पाण्यात कालवून भरतात. वर तात्पुरतं फिलिंग. आठवड्याने बदलायचं, असं दोन-चार वेळा. सील नीट नसेल तर पुढे मूळ विरघळण्याचा धोका असतो. शेवटचं फिलिंगही लगेच नको, एक-दोन आठवडे थांबावं लागतं, नाहीतर ते नीट चिकटत नाही.

यवतमाळकर:
माझ्या दातांवर बोअरच्या पाण्यामुळे तपकिरी पट्टे आहेत. ब्लीच केलं तर तपकिरी थोडे फिके झाले, पण पांढरे ठिपके जास्तच पांढरे दिसू लागले. उपाय?

दातवाली:
वेगळा धागा काढा. तुमची केसच वेगळी आहे.

चहाबाज:
एवढी उठाठेव कशाला? व्हिनियर लावा, दोन भेटींत काम.

दातवाली:
चांगला दात तासून? आणि पातळ व्हिनियरमधून आतला करडेपणा झिरपतो तो?

मृण्मयी_स:
एक्स-रे काढला. मुळाच्या टोकाशी काळी सावली दिसते म्हणाले, रूट कॅनाल लागेलच. पण बाकीचे दातही दोन दिवसांत किंचित मंदावलेत. पैसे वाया गेले का?

दातवाली:
नाही. ब्लीचिंगच्या वेळी दात कोरडे पडतात म्हणून जास्त पांढरे दिसतात. दोन आठवड्यांनी जो रंग राहील, तो खरा. त्याच्याशी हा दात जुळवायचा. सहा आठवड्यांत बसेल, पण उद्याच सुरू करा.

रानवारा:
लग्न कुठे आहे? हॉल बुक झाला का?