पतसंस्थेची प्रेसनोट, चार ओळी आणि गाळलेला पत्ता

संस्थेतला क्लार्क: आमच्या पतसंस्थेची नवी वेबसाइट सुरू झाली. दीड पानाची प्रेसनोट दिली, पेपरात चार ओळी आल्या आणि वेबसाइटचा पत्ताच गाळला. जाहिरात दिली नाही म्हणूनच ना?

जुना उपसंपादक: जाहिरातीचा राग समजतो, पण मी अकरा वर्षं तालुक्याचं पान लावलंय, म्हणून सांगतो. जागा कमी पडली की बातमी खालून कापतात. तुमचा पत्ता नक्की शेवटच्या ओळीत असणार, आणि वर चेअरमन, व्हाइस चेअरमन, दीपप्रज्वलन, सगळ्या संचालकांची नावं. पहिलंच वाक्य असं हवं होतं: "सोमवारपासून सभासदांना खातेउतारा आणि कर्जाचा उरलेला हप्ता मोबाइलवर पाहता येईल." लगेच पत्ता, मग नोंदणीला शाखेत काय न्यायचं ते. संचालक सगळ्यात खाली. आणि नोट युनिकोडमध्ये द्या, डीटीपीवाल्याच्या जुन्या फाँटातली फाइल आमच्याकडे उघडली की नुसती चौकोनं आणि इंग्रजी अक्षरं दिसायची, मग पुन्हा टाइप कोण करणार?

क्लार्क: संचालक खाली टाकले तर माझी नोकरी जाईल. पत्ता शेवटी होता हे मात्र खरंय.

ठेवीदाराची मुलगी: तुम्ही फाँटावर बोलताय! आमच्या गावच्या संस्थेच्या बातमीत "ऑनलाइन बँकिंग, ठेवी पूर्ण सुरक्षित" छापून आलं होतं. आईने ते कात्रण पासबुकात ठेवलं होतं. दोन वर्षं झाली, पैसे अडकलेत.

नाना: घाबरवू नका लोकांना. पाच लाखांपर्यंत सरकारचा विमा असतो.

जुना उपसंपादक: नाना, तो विमा बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकाही त्यात आल्या. पतसंस्थेला नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेनेच जाहीर सांगितलंय, आणि सहकारी संस्थांनी परवानगीशिवाय नावात "बँक" लावू नये हेही. त्यामुळे नोटमध्ये "बँकिंग" आणि "पूर्ण सुरक्षित" दिसलं की मी ते खोडायचो.

नाना: बरं, विम्याचं माझं चुकलं. पण सगळ्याच पतसंस्था बुडत नाहीत. माझ्या मुलीचं लग्न पतसंस्थेच्या कर्जावर झालं, बँकेने दारात उभं केलं नव्हतं.

ठेवीदाराची मुलगी: मी कुठे म्हटलं सगळ्या बुडतात? आईला ते कात्रण वाचून खरं वाटलं एवढंच सांगतेय, आणि तुम्ही मला गप्प करताय.

क्लार्क: आमच्या नोटमध्येही "घरबसल्या बँकिंग" आहे, चेअरमन साहेबांनी स्वतः घातलंय. कुणालाही ठेव ठेवता येईल असंही लिहिलंय.

जुना उपसंपादक: ते दुसरं आधी काढा! ठेव फक्त सभासदांकडूनच घेता येते. सुधारून पुन्हा पाठवा, आणि फोटोखाली नावं डावीकडून लिहा.

क्लार्क: साहेबांना सांगणार कोण?