मदत हवी आहे: दिवंगत सहकाऱ्याच्या घरी पाठवायचं कंपनीचं पत्र

दुसरी_पाळी:
आमचा कारखाना चाकण एमआयडीसीत आहे, मी एचआरमध्ये. आमच्या स्टोअर्समधले एक सहकारी गेल्या रविवारी घरीच हृदयविकाराने गेले. वय ४६, आमच्याकडे ११ वर्षं. घरी बायको, दोन मुलं, म्हातारे आई-वडील. कंपनीतर्फे पत्र द्यायचंय. साहेबांनी जुना साचा पुढे केला:

> "आमच्या कंपनीचे कर्मचारी श्री. ____ (टोकन क्र. ____) यांच्या दुःखद निधनाची वार्ता समजून व्यवस्थापनास तीव्र दुःख झाले आहे. त्यांच्या जाण्याने कंपनीची अपरिमित हानी झाली असून कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे. ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो."

हे पाठवायला हात धजावेना. म्हणून मधे मी माझं घातलं:

> "रात्री-अपरात्री फोन केला तरी ते हजर असत. मागच्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशीही साठामोजणी पूर्ण करूनच ते घरी गेले. कंपनी हेच त्यांचे दुसरे घर होते."

आता बरं वाटतंय का? तेराव्याच्या आत द्यायचंय.

फुलपगार:
पेपरात देणार असाल तर फोटो पासपोर्टचा नको, हसरा घ्या. आणि "शोकाकुल" खाली सगळ्या खात्यांची नावं टाका, नाहीतर पुढे रुसवेफुगवे होतात. आमच्याकडे पेंट शॉप राहिलं होतं, वर्षभर ऐकून घेतलं.

दुसरी_पाळी:
पेपरातली जाहिरात नाही हो, घरी द्यायचं पत्र आहे.

जुना_टाइमऑफिसवाला:
मी ३० वर्षं टाइम ऑफिसात काढली, अशी पत्रं बरीच नेऊन दिली. साच्याबद्दल तुझं बरोबर आहे. टोकन नंबर तर आधी काढ, तो गेटवरच राहू दे. "अपरिमित हानी, पोकळी" हेही काढ. महिन्याभरात त्याच जागेची भरतीची जाहिरात निघेल आणि ती त्यांच्या भावकीतलाच कोणीतरी वाचेल.

पण खरं सांगू, साच्यापेक्षा तू घातलेला भाग जास्त लागेल. साचा कोरडा आहे, तो वाचून कोणी रडणार नाही. तुझी वाक्यं मात्र त्या बाईच्या जागी बसून वाच. लक्ष्मीपूजनाला ती दारात ताट घेऊन थांबली होती, मुलं बाबांची वाट बघत होती, आणि तो माणूस तुमचे नटबोल्ट मोजत होता. आता तीच कंपनी तिला कौतुकाने सांगतेय की बघा, किती वेळ आम्हाला दिला! त्यातून हृदयविकाराने गेलेला. घरात आधीच कोणीतरी म्हणत असेल, "कामानेच खाल्लं त्याला." त्याला तुम्ही लेखी दुजोरा देताय.

कामाच्या तासांचं कौतुक कंपनीच्या तोंडून नको. तो माणूस म्हणून कसा वागायचा, ते लिही. घरच्यांना ठाऊक नसलेलं, तुम्हालाच दिसलेलं काहीतरी. स्टोअर्सच्या पोरांना कॅन्टीनमध्ये बसवून विचार. "कसे होते?" असं विचारलंस तर "देवमाणूस होते" एवढंच मिळेल. "शेवटचं काय बोलणं झालं, कधी रागावले होते का," असं विचार.

कोऱ्या_कागदावर:
मला वाटतं देण्याघेण्याचंही सगळं ह्याच पत्रात स्पष्ट लिहावं. पीएफ, ग्रॅच्युइटी, पीएफसोबतच्या ईडीएलआय विम्याचे ७ लाख. गोड शब्दांनी घर चालत नाही. माझे वडील गेले तेव्हा त्यांच्या ऑफिसातून सुंदर इंग्रजी मेल आली, सुरुवात "प्रिय कुटुंबीय". नाव लिहायचेही कष्ट नाहीत. आणि पैशासाठी आईने पुढे आठ महिने खेटे घातले. ते पत्र मी अजून ठेवलंय, चीड म्हणून.

जुना_टाइमऑफिसवाला:
तुमच्या आईचे हाल झाले ते चूकच होतं. पैशाची सोय पत्रात दिसायला हवी हे मान्य, पण आकडा नको. ७ लाख ही ईडीएलआयची कमाल मर्यादा आहे, प्रत्येकाला तेवढे मिळतातच असं नाही. शिवाय नॉमिनेशन कधीकाळी भरलेलं असतं, कागद उघडून बघेपर्यंत कोणाचं नाव निघेल सांगता येत नाही. सांत्वनाच्या पत्रात आकडा वाचला की सासू-सुनेत त्याच दिवशी फूट पडते. इथे फक्त कोण येणार आणि कधी, एवढं लिहा. फॉर्म, दाखले, रकमा यांचं पत्र वेगळं, तेराव्यानंतर, आणि ते हातात देताना शेजारी बसून समजावून सांगायचं.

गोधडी:
मायन्याकडे लक्ष द्या. आमच्या काकूंना पंधराव्या दिवशी बँकेचं पाकीट आलं, नावामागे "श्रीमती". त्याआधी सगळीकडे "सौ." असायचं. पाकीट न उघडताच त्या आत जाऊन बसल्या. "सौ." लिहिणं चूक आणि "श्रीमती" इतक्या लवकर जिव्हारी लागतं. पाकिटावर नुसतं पूर्ण नाव आणि "यांस" पुरे.

दुसरं, "ईश्वर", "कैलासवासी" वगैरे घरचं बघून. आमच्याकडे बौद्ध घरांत "कालकथित" लिहितात, तिथे तुमचा साचा उघडा पडतो.

दुसरी_पाळी:
दादांचं घर माळकरी आहे, पण देवाचं वाक्य काढलंच. ते घरचे म्हणतील, कंपनीने कशाला. आज जेवणाच्या सुट्टीत पोरांशी बोललो. लॉकर अजून तसाच आहे: रेनकोट, चष्म्याचं घर, चटणीचा रिकामा डबा. त्या डब्यावरूनच सगळे बोलायला लागले. आता असं झालंय:

> आदरणीय वहिनी, आई आणि बाबा,
>
> दादा गेले याचं आम्हा सर्वांना फार दुःख आहे.
>
> नवीन मुलांना ते कधी चारचौघांत बोलले नाहीत. चलनात चूक दिसली की खिडकीतून हाक मारून आत बोलवायचे, डब्यातली शेंगदाण्याची चटणी पुढे करायचे आणि मग चूक दाखवायचे. आज स्टोअर्स सांभाळणारे तिघेही असेच शिकले. चटणी घरची आहे, हे ते प्रत्येकाला आवर्जून सांगत.
>
> त्यांच्या वस्तू आम्ही जपून ठेवल्या आहेत. तुम्ही सांगाल त्या दिवशी दोघे सहकारी त्या घरी आणून देतील. पीएफ आणि इतर कागदांसाठी तुम्ही कारखान्यात येण्याची गरज नाही. तेराव्यानंतर तुम्हाला विचारून मी स्वतः घरी येईन. माझा नंबर खाली दिला आहे.

साहेब म्हणतात चटणी काढा, लेटरहेडवर शोभत नाही.

कोऱ्या_कागदावर:
चटणी राहू द्या. नाव आणि नंबर दिलात हे बरं केलंत. पण तुमची बदली झाली तर? दुसराही एक नंबर द्या.

जुना_टाइमऑफिसवाला:
चटणी गेली तर साचाच उरेल. साहेबांना म्हणावं, हवं तर लेटरहेड काढा. डबा घासून दे. रेनकोट मात्र धुऊ नकोस, तसाच घडी करून दे. आणि लॉकर उघडताना दोघांच्या सह्यांची यादी कर, पुढे प्रश्न नको.

गोधडी:
रेनकोट धुवूनच द्यावा असं मला वाटतं. कळकट वस्तू कशी देणार?

जुना_टाइमऑफिसवाला:
माझी बहीण तिच्या नवऱ्याच्या शर्टाचा वास जाऊ नये म्हणून तो प्लास्टिकमध्ये ठेवायची. त्यांनाच विचारून ठरवा.

दुसरी_पाळी:
दुसरा नंबर टाकला. सहीचं अडलंय. साहेब म्हणतात एमडींची हवी, त्याने मान राहतो. एमडी दादांना एकदाही भेटलेले नाहीत. पोरं म्हणतात आम्ही तिघं करतो. उद्या सकाळी निघायचंय, प्रिंट दोन काढून ठेवल्यात.