मदत हवी आहे: दरवर्षी किमान एक आणि जास्तीत जास्त तीनच 'शुक्रवार १३' का येतात?

सौदामिनी:
नमस्कार मंडळी. मी शाळेत नववीच्या मुलांसाठी गणिताचा छंदवर्ग घेते. मागच्या तासाला २०२६ चं कॅलेंडर समोर होतं. फेब्रुवारी, मार्च आणि नोव्हेंबर अशा तीन महिन्यांत १३ तारखेला शुक्रवार येतो, हे मुलांनीच शोधून काढलं. लगेच एकीने विचारलं, "बाई, एकही नसलेलं वर्ष असतं का? आणि चार असलेलं?"

दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही' आहे, एवढं मला माहीत आहे. कॅलेंडरं मुळात चौदाच प्रकारची असतात. १ जानेवारीला सातपैकी कुठलाही वार असू शकतो, आणि वर्ष साधं असतं नाहीतर लीप. ही चौदाही कॅलेंडरं मी मांडून बघितली. कुठेही शून्य नाही, कुठेही चार नाहीत.

पण याला तपासणं म्हणायचं, कारण सापडणं नाही. 'सगळी बघितली, तसंच आहे' असं मुलांना सांगायला मला आवडत नाही. फळ्यावर पाच-दहा मिनिटांत मांडता येईल आणि 'असं का' हे दिसेल, असा युक्तिवाद कुणाला माहीत आहे का?

तात्या नाशिककर:
ताई, मुलांना सांगा की घाबरण्याचं काही कारण नाही. शुक्रवार हा आपल्याकडे देवीचा वार. तेरा तारखेचं अशुभपण बाहेरून आलेलं आहे. आमच्या घराचं खरेदीखत तेरा तारखेलाच झालं, शुक्रवारच होता, सगळं उत्तम चाललं आहे.

सौदामिनी:
तात्या, घर लाभलं हे छानच. माझी मुलं घाबरलेली नाहीत, त्यांना फक्त मोजणीमागचं कारण हवं आहे. शुक्रवारच्या जागी मंगळवार घेतला तरी प्रश्न तोच राहतो.

पक्या:
अगदी सोपं आहे. महिने बारा, वार सात. वारांपेक्षा महिने जास्त, म्हणजे प्रत्येक वाराला निदान एक तेरा तारीख मिळणारच. एवढंच सांगा मुलांना.

सौदामिनी:
हे मुलं लगेच खोडतील. बारा लाडू सात जणांत वाटले तर कुणाला तरी दोन मिळतात हे खरं, पण प्रत्येकाला एक मिळेलच असं कुठे आहे? एकालाच सहा मिळाले आणि दुसरा उपाशी राहिला असंही होऊ शकतं.

पक्या:
पण इथे तसं होत नाही ना! महिना बदलला की वार बदलतो, तेरा तारखा एकाच वारावर साचून राहत नाहीत. माझा मुद्दा तोच आहे.

कोनाडा:
पक्या, वार सरकतो हा मुद्दा बरोबर आहे, पण तो *किती* सरकतो त्यावर सगळं ठरतं. सौदामिनीताई, फळ्यावर असं मांडून बघा.

३१ दिवसांच्या महिन्यात चार आठवडे आणि वर तीन दिवस. म्हणून त्या महिन्याच्या तेरा तारखेपासून पुढच्या महिन्याच्या तेरा तारखेला जाताना वार तीन घरं पुढे जातो. महिना ३० दिवसांचा असेल तर दोन घरं. फेब्रुवारीचा भरवसा नाही: साध्या वर्षी शून्य घरं, लीप वर्षी एक. सगळा घोळ फेब्रुवारीचा असल्यामुळे त्याला बाजूलाच ठेवायचं आणि सरळ मे महिन्यापासून सुरुवात करायची.

मेच्या तेरा तारखेचा वार म्हणजे घर क्रमांक ०. मे ३१ दिवसांचा, म्हणून जून ३ वर. जून ३० चा, म्हणून जुलै ५ वर. जुलै ३१ चा, म्हणून ऑगस्ट ८ वर, म्हणजे सात वजा करून १ वर. ऑगस्टही ३१ चा, म्हणून सप्टेंबर ४ वर. सप्टेंबर ३० चा, म्हणून ऑक्टोबर ६ वर. ऑक्टोबर ३१ चा, म्हणून नोव्हेंबर ९ वर, म्हणजे २ वर.

आता ओळीने वाचा: ०, ३, ५, १, ४, ६, २. शून्यापासून सहापर्यंत प्रत्येक आकडा एकदाच आला आहे. सात महिने, सात वेगवेगळे वार. तेव्हा मे ते नोव्हेंबर या काळात तेरा तारखेचा शुक्रवार *नेमका एकदाच* येतो. लीप वर्ष असो वा नसो, त्याचा संबंधच नाही, कारण फेब्रुवारी तोवर होऊन गेलेला असतो.

२०२६ वर पडताळा घ्या. १३ मे बुधवार, मग जूनपासून क्रमाने शनिवार, सोमवार, गुरुवार, रविवार, मंगळवार आणि नोव्हेंबरमध्ये शुक्रवार. सातही वार लागले.

सौदामिनी:
वा! मला हेच हवं होतं. 'किमान एक' शोधत होते आणि 'नेमका एक' मिळाला. पण मेच का? कुठलेही सलग सात महिने चालतील का? मुलं हे विचारणारच.

कोनाडा:
नाही चालणार. एप्रिल ते ऑक्टोबर घेतलेत तर एप्रिल आणि जुलै एकाच वारावर येतात, कारण एप्रिल ३०, मे ३१, जून ३०, म्हणजे २ + ३ + २ = ७, पूर्ण फेरी. जून ते डिसेंबर घेतलेत तर सप्टेंबर आणि डिसेंबर आपटतात: सप्टेंबर ३०, ऑक्टोबर ३१, नोव्हेंबर ३०, पुन्हा सातच. फेब्रुवारीनंतरच्या महिन्यांत मे ते नोव्हेंबर ही एकच सलग ओळ निर्दोष निघते. जुलै आणि ऑगस्ट लागोपाठ ३१ दिवसांचे आहेत, त्यामुळे मधली टक्कर टळते. महिन्यांच्या लांबीपलीकडे यामागे काही खोल नियम आहे असं मला वाटत नाही. लांबी वेगळ्या असत्या तर सिद्धांत कोसळलाही असता.

पक्यासाठी एक उदाहरण. तेराच्या जागी ३१ तारीख घ्या. ती वर्षात सात महिन्यांत येते आणि वारही सातच. तरी २०२६ मध्ये ३१ तारखेला बुधवार एकदाही येत नाही, शनिवार मात्र दोनदा येतो, जानेवारीत आणि ऑक्टोबरमध्ये.

पक्या:
३१ चं कॅलेंडरवर बघितलं, बरोबर आहे. मग जास्तीत जास्त तीन कशावरून? नोव्हेंबरपर्यंत एक झाला, पण उरलेले पाच महिने आहेतच. पाचही शुक्रवारी आले तर सहा होतील.

कोनाडा:
उरले जानेवारी, फेब्रुवारी, मार्च, एप्रिल आणि डिसेंबर. त्यांचे दोन गट करा. जानेवारी कायम ३१ दिवसांचा, म्हणून फेब्रुवारीचा तेरावा दिवस जानेवारीपेक्षा तीन घरं पुढे. दोघांत शुक्रवार एकालाच मिळू शकतो.

दुसरा गट मार्च, एप्रिल, डिसेंबर. मार्चपासून एप्रिल तीन घरं पुढे. डिसेंबर मार्चपासून २७५ दिवसांवर, म्हणजे ३९ आठवडे आणि दोन दिवस, म्हणून दोन घरं पुढे. घरं ०, ३, २. तिघेही वेगळे, तेव्हा इथेही शुक्रवार एकालाच.

मे ते नोव्हेंबर नेमका एक, पहिल्या गटात फार तर एक, दुसऱ्यात फार तर एक. तिनाच्या वर जाताच येत नाही. आणि तीन प्रत्यक्षात येतात हे तुमच्या मुलांनी २०२६ मध्ये पाहिलंच आहे. ते साधं वर्ष, फेब्रुवारी-मार्च-नोव्हेंबरवालं. लीप वर्षात तीन आले तर महिने जानेवारी, एप्रिल आणि जुलै असतात. २०१२ तसं होतं, पुढचं २०४०.

सौदामिनी:
इथेही लीप वर्षाची वेगळी तपासणी लागली नाही! फेब्रुवारी ज्यांच्या मध्ये येतो असे दोन महिने एका गटात ठेवलेच नाहीत तुम्ही. चौदा कॅलेंडरांपेक्षा हे शंभर पटींनी बरं. मनापासून आभार.

आर्याची आई:
थोडं अवांतर. माझ्या मुलीचा जन्म १३ मार्च २०१५ चा, शुक्रवारचा. २०२० ला वाढदिवस शुक्रवारी आला, मग २०२६ ला. एकदा पाच वर्षं, एकदा सहा. पुढचा कधी?

कोनाडा:
२०३७ मध्ये, म्हणजे अकरा वर्षांनी. वाढदिवस दरवर्षी एक वार पुढे जातो, आणि दोन वाढदिवसांच्या मध्ये २९ फेब्रुवारी आला तर दोन. २०३१ चा गुरुवारी आहे, २०३२ चा थेट शनिवारी, शुक्रवार ओलांडून. म्हणून एवढी वाट.

जमाखर्च:
आमचं वर्ष एप्रिल ते मार्च. आर्थिक वर्षालाही हा नियम लागू पडतो का? दुसरं असं, की कुठलेही सलग बारा महिने घेतले तर?

कोनाडा:
आर्थिक वर्षात मे ते नोव्हेंबर पूर्ण बसतात, म्हणून किमान एक नक्की. वरची मर्यादाही तीनच निघते, फक्त गट नव्याने पाडावे लागतात, कारण आता जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च डिसेंबरच्या पुढे येतात. २०२५-२६ मध्ये तीन आहेत: जून २०२५, मग फेब्रुवारी आणि मार्च २०२६.

कुठलेही बारा महिने मात्र चालत नाहीत. १३ ऑगस्ट २०२७ शुक्रवार आहे, आणि त्यानंतरचा थेट १३ ऑक्टोबर २०२८ ला. मध्ये चौदा महिने. दोन्ही वर्षांच्या मे-नोव्हेंबरमध्ये एकेक आला, म्हणजे नियम पाळला गेला, पण सप्टेंबर २०२७ ते ऑगस्ट २०२८ हे बारा महिने कोरडे गेले.

तात्या नाशिककर:
आता प्रश्न समजला. मग माझाही एक घ्या. संकष्टी दर महिन्याला येते, मंगळवारी आली की अंगारकी. दरवर्षी एक तरी अंगारकी येतेच, हे असंच सिद्ध होईल का?

कोनाडा:
तात्या, प्रश्न भारी आहे आणि अवघड आहे. महिन्यांच्या लांबी ठरलेल्या असल्यामुळे वरचं सगळं जमलं. संकष्टी चंद्रोदयाच्या वेळच्या तिथीवर ठरते, त्यामुळे दोन संकष्टींमध्ये बहुतेक वेळा कधी २९ दिवस, कधी ३०. वार कधी एक घर सरकतो, कधी दोन. सोमवारवरून एकदम बुधवारी उडी गेली तर मंगळवार राहून जातो. वर्षभरात सात वारांच्या साधारण अडीच फेऱ्या होतात. त्या सगळ्या फेऱ्यांत मंगळवार हुकणारच नाही, असं माझ्याजवळ तरी सिद्ध करायला काही नाही.

पक्या:
आणि गावोगावी चंद्रोदयाची वेळ वेगळी, म्हणजे संकष्टीही एखाद्या दिवसाने बदलू शकते. आधी कुठल्या गावाचं पंचांग धरायचं ते ठरवा.

तात्या नाशिककर:
नाशिकचंच धरू. माझ्याकडे जुन्या पंचांगांचा गठ्ठा माळ्यावर आहे. रविवारी काढतो आणि एकही अंगारकी नसलेलं वर्ष सापडतंय का ते इथे लिहितो. वर्ष जानेवारीपासून मोजू की चैत्रापासून?

सौदामिनी:
तात्या, दोन्ही मोजा. दोघांची उत्तरं वेगळी येऊ शकतात, जमाखर्च यांच्या प्रश्नात दिसलंच ते.